सहा चौरसांचा ठोकळा होतो की नाही, हे कसं ओळखाल?

शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास सुरू झाला की हिवरखेड आणि तेल्हारा-अकोट पट्ट्यातल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. पोराला गुणाकार-भागाकार येतात, अपूर्णांकही जमतात, मग बुद्धिमत्ता चाचणीतले ते उलगडलेले ठोकळे आले की तो का अडखळतो? एका आईने तो नेमक्या शब्दांत विचारला होता: "सर, पोरगं डोये मिटून बसते, हातानं हवेत घड्या घालते, अन् शेवटी अंदाजानं गोल काळा करते. याले काही नियम हाय का नाही?"

नियम आहे. दोन-तीनच आहेत आणि पाचवीतल्या मुलाला एका संध्याकाळी समजतील इतके सोपे आहेत. अडचण अशी की बरेच शिक्षकही "मनात घडी घालून बघ" एवढंच सांगतात. सहा चौरस मनात एकाच वेळी दुमडणं मोठ्यांनाही जड जातं. त्यात शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न असतात, त्यांतले ५० बुद्धिमत्ता चाचणीचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात चार पर्यायांच्या चार घड्या मनात घालून होत नाहीत. म्हणून या लेखात घडी घालायचीच नाही. फक्त कोणता चौरस कोणाच्या समोर येतो, एवढंच शोधायचं.

पाठ्यपुस्तकात अशा उलगडलेल्या आकृतीला घडण म्हणतात. प्रश्नपत्रिकेत ठोकळा, घन, फासा असे वेगवेगळे शब्द येतील. सहा सारखे चौरस कडेला कड लावून जोडलेले असतात आणि त्यांपासून सहा पृष्ठांचा घन करायचा असतो.

आधी प्रश्न काय विचारतो ते बघा

एकाच आकृतीवर चार वेगळे प्रश्न विचारले जातात आणि मुलं त्यांची सरमिसळ करतात. वाचताना हे ठरवून घ्या:

- कोणत्या आकृतीपासून ठोकळा तयार होईल, किंवा होणार नाही?
- ठोकळा झाल्यावर अमुक पृष्ठाच्या विरुद्ध कोणतं पृष्ठ येईल?
- पाच चौरस दिले आहेत, सहावा कुठे जोडाल?
- या घडणीपासून चारपैकी कोणता ठोकळा होईल?

पहिल्या तिन्हींना विरुद्ध पृष्ठांच्या जोड्या पुरतात. चौथ्याला एक पायरी जास्त लागते. ती शेवटी बघू.

नियम पहिला: सरळ पट्टीत एक सोडून पुढचा

एका रेषेत सलग जोडलेले चौरस म्हणजे पट्टी. आडवी असो की उभी, नियम तोच. पट्टीत शेजारचे दोन चौरस ठोकळ्यावरही शेजारीच राहतात आणि एक सोडून पुढचा चौरस विरुद्ध बाजूला जातो.

```
१ २ ३ ४
```

इथे १ च्या समोर ३ आणि २ च्या समोर ४. पट्टी गुंडाळली की चार भिंती होतात, त्यात पहिली आणि तिसरी भिंत समोरासमोर येते. हे मुलाला समजायला कागदाची एक पट्टी पुरते.

एक अट मात्र विसरू नका. मधला चौरस खरोखर असला पाहिजे. दोन चौरस एकाच ओळीत आहेत आणि मध्ये रिकामी जागा आहे, तर हा नियम तिथे लागत नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, त्या पुढे दाखवतो.

नियम दुसरा: पट्टीचे कान

पट्टीच्या बाजूला चिकटलेल्या चौरसाला आपण कान म्हणू. पट्टी गुंडाळून भिंती केल्या की वर एक आणि खाली एक तोंड उघडं राहतं. पट्टीच्या वरच्या बाजूचा कान वरचं तोंड झाकतो, खालच्या बाजूचा कान खालचं. तो पहिल्या चौरसाला चिकटलाय की तिसऱ्या, याने काहीच फरक पडत नाही. त्यामुळे दोन गोष्टी ठरतात:

- पट्टीच्या दोन वेगळ्या बाजूंचे कान एकमेकांच्या विरुद्ध येतात.
- पट्टीच्या एकाच बाजूला दोन कान असतील तर ते एकमेकांवर चढतात. एक तोंड दोनदा झाकलं जातं आणि दुसरं उघडंच राहतं. ती घडण बाद.

पट्टी चारचीच असावी असं नाही. तीनच्या आणि अगदी दोनच्या पट्टीलाही हे लागू आहे. दोनच्या पट्टीचं उदाहरण नीट बघा, कारण अवघड प्रश्न तिथेच सुटतात:

```
१ २ .
. ३ ४
```

(टिंब म्हणजे रिकामी जागा.) २ आणि ३ ही दोनची उभी पट्टी. तिच्या डावीकडे १ हा कान आणि उजवीकडे ४ हा कान. म्हणून १ आणि ४ विरुद्ध. पायरीसारखा हा आकार दिसला की त्याची दोन टोकं समोरासमोर, असं मुलाने डोळ्यांनी टिपायला शिकावं. आडवा, उभा, उलटा, आरशातला, कसाही असला तरी चालतो.

निकाल कसा लावायचा

ठोकळ्याला सहा पृष्ठं, म्हणजे विरुद्ध पृष्ठांच्या बरोबर तीन जोड्या. वरच्या दोन नियमांनी जोड्या लावत जा. तीन जोड्या स्वच्छ लागल्या आणि सहाही चौरस एकेकदाच वापरले गेले, तर ठोकळा होतो. एखाद्या चौरसाला दोन जोडीदार मिळाले, तर ते दोन जोडीदार एकाच जागेवर जाऊन बसणार. त्यामुळे कुठलं तरी पृष्ठ रिकामं राहणार आणि ठोकळा होणार नाही.

दोन आकार दिसले तर जोड्या लावण्याचीही गरज नसते:

- चार चौरसांचा भरीव चौकोन, म्हणजे दोनावर दोन. ठोकळ्याच्या कोपऱ्यात तीनच पृष्ठं भेटतात. चार चौरस एका बिंदूभोवती सपाट जुळले की तिथे उभं व्हायला जागाच उरत नाही, कात्री लावल्याशिवाय ते दुमडणार नाहीत.
- एका रेषेत पाच किंवा सहा चौरस. भिंती चारच असतात, पाचवा चौरस पहिल्यावर चढतो.

पेपरात चार पर्याय असतील तर आधी हे दोन आकार शोधून पर्याय खोडा. बहुतेक वेळा एक-दोन पर्याय तिथेच जातात. प्रश्नपत्रिकेवर छोट्या आकृत्यांमध्ये पेन्सिलने आकडे टाकले तरी चालतात. ते न टाकता मनात ठेवायचा हट्ट करू नका.

चारची पट्टी असेल तर काम दहा सेकंदांचं

आकृतीत चार चौरसांची सरळ पट्टी असेल तर चारही भिंती झाल्या. उरले दोन चौरस. ते पट्टीच्या दोन वेगळ्या बाजूंना एकेक कान म्हणून चिकटलेले असतील तर ठोकळा होतो, कुठेही चिकटले असले तरी. बाकी कोणत्याही रचनेत होत नाही.

```
१ . . .
२ ३ ४ ५
. . ६ .
```

२-४, ३-५, १-६. ठोकळा होतो.

```
१ . ६ .
२ ३ ४ ५
```

इथे १ आणि ६ एकाच बाजूला. ठोकळा होत नाही. आता गंमत बघा: या आकृतीत १ आणि ६ एकाच ओळीत आहेत आणि दोघांच्या मध्ये एका चौरसाची जागा आहे. "एक सोडून पुढचा" हा नियम घोकलेलं मूल इथे १-६ ही जोडी लावून मोकळं होतं. २-४ आणि ३-५ तर लागतातच, तीन जोड्या झाल्या, उत्तर "होतो". पण १ आणि ६ यांच्या मध्ये चौरस नाही, रिकामी जागा आहे. ते समोरासमोर न येता एकमेकांवर बसतात. प्रश्न काढणाऱ्यांना हा सापळा चांगला माहीत असतो.

दोन्ही उरलेले चौरस एकाला एक जोडून लांब कान केला असेल (कानाला कान), तरीही बाद. दुसरा चौरस पट्टीतल्याच एखाद्या भिंतीच्या जागेवर जातो.

खरी परीक्षा: तीनच्या पट्टीवर सहावा चौरस

चारची पट्टी नसेल तर मुलं गोंधळतात, म्हणून एक प्रश्न पूर्ण सोडवू. पाच चौरस असे दिले आहेत:

```
१ २ ३ .
. . ४ ५
```

सहावा चौरस कुठे जोडला तर ठोकळा होईल?

आधी आहेत त्यांच्या जोड्या लावा. १-२-३ ही पट्टी, म्हणून १ च्या समोर ३. पुढे २, ३, ४, ५ बघा. ३-४ ही दोनची उभी पट्टी, डावीकडे २ हा कान, उजवीकडे ५ हा कान. म्हणून २ च्या समोर ५. एकटा उरला ४. म्हणजे सहावा चौरस ४ च्या समोर यायला हवा. एवढं कळलं की प्रश्न निम्मा सुटला. आता सहाव्याच्या प्रत्येक जागेला एकच गोष्ट विचारायची: तू ४ च्या समोर येतोस का?

या आकृतीला कडेने चिकटता येतील अशा एकूण दहा जागा आहेत. त्यांतल्या सोप्या आधी घेऊ. १ च्या वर, २ च्या वर किंवा ३ च्या वर सहावा जोडला तर तो १-२-३ या पट्टीचा वरचा कान होतो. ४ हा त्याच पट्टीचा खालचा कान आहे. वरचा आणि खालचा कान विरुद्ध, म्हणून तिन्ही जागा चालतात. ३ च्या वर जोडला तर ६-३-४ अशी उभी पट्टीही होते आणि तिथूनही ६-४ हीच जोडी मिळते. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की समजा, गणित बरोबर आहे.

५ च्या उजवीकडे जोडला तर ४-५-६ अशी आडवी पट्टी होते. एक सोडून पुढचा, म्हणून ४-६. हीही जागा चालते.

```
१ २ ३ . .
. . ४ ५ ६
```

हा आकार लक्षात राहू द्या. बघताना तो ठोकळा होईल असं वाटतच नाही. तीन-तीनच्या दोन पट्ट्या नुसत्या टोकाला चिकटलेल्या. म्हणून बरीच मुलं याला बाद करतात. जोड्या मात्र स्वच्छ आहेत: १-३, ४-६, २-५.

आता उरलेल्या सहा जागा. १ च्या डावीकडे जोडला तर ६-१-२-३ ही चारची पट्टी होते आणि ६ चा जोडीदार २ ठरतो. पण २ ला आधीच ५ मिळालेला आहे. बाद. १ च्या खाली जोडला तर ६ आणि ४ हे दोघं १-२-३ या पट्टीच्या खालच्याच बाजूचे कान होतात. एकमेकांवर चढले. बाद. २ च्या खाली किंवा ३ च्या उजवीकडे जोडला तर दोनावर दोनचा भरीव चौकोन होतो. बाद.

राहिल्या दोन जागा, ४ च्या खाली आणि ५ च्या खाली. पेपरात चुकीचा पर्याय म्हणून याच जागा ठेवायला सोयीच्या, कारण यांत भरीव चौकोन नाही, लांब पट्टी नाही, वरवर बघता काहीच खटकत नाही.

```
१ २ ३ .
. . ४ ५
. . ६ .
```

३-४-६ ही उभी पट्टी. म्हणून ३ चा जोडीदार ६. पण ३ चा जोडीदार १ आहेच. ३ ला दोन जोडीदार, म्हणजे १ आणि ६ एकाच जागेवर, आणि ४ च्या समोरची जागा उघडी. बाद.

```
१ २ ३ .
. . ४ ५
. . . ६
```

४-५ ही दोनची आडवी पट्टी. ४ च्या वर ३ हा कान, ५ च्या खाली ६ हा कान. दोघं विरुद्ध. पुन्हा ३ ला दोन जोडीदार. बाद.

दहापैकी चार जागा चालल्या, सहा गेल्या. एवढा एक प्रश्न मुलाने हाताने कागद कापून आणि जोड्या लावून, असा दोन्ही प्रकारे केला की या प्रकरणात त्याला फारसं काही शिकवायचं उरत नाही असं माझं मत आहे.

अकरा आकृत्या पाठ कराव्यात का?

सहा चौरस कडेला कड लावून जोडण्याचे एकूण ३५ आकार होतात (फिरवलेले आणि उलटे केलेले एकच धरून). त्यांपैकी ११ आकारांचाच ठोकळा होतो. बाजारातल्या मार्गदर्शकांत या अकरा आकृत्या चौकटीत छापलेल्या असतात आणि काही शिकवणीवर्गांत त्या पाठ करून घेतात. त्यांची वाटणी अशी आहे:

- चारची पट्टी आणि दोन बाजूंना एकेक कान: ६ आकार
- तीनची पट्टी, एका बाजूला एक कान, दुसऱ्या बाजूला टोकाशी दोनची पट्टी बाहेर गेलेली: ३ आकार
- तीन-तीनच्या दोन पट्ट्या टोकाला जोडलेल्या: १ आकार
- दोन-दोन-दोन असा जिना: १ आकार

पाठ करण्याच्या मी विरुद्ध आहे. पेपरात आकृती आडवी, उलटी किंवा आरशातली छापली की पाठ केलेलं चित्र जुळत नाही आणि मूल घाबरतं. जोड्या लावणाऱ्याला आकृती कशीही फिरवली तरी फरक पडत नाही. ही वाटणी फक्त ताळा म्हणून ठेवा. ठोकळे असे कागदावर उलगडून दाखवायची पद्धत बरीच जुनी आहे. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात ती दिसते. पण परीक्षेला त्याचं काही काम नाही.

"चारपैकी कोणता ठोकळा?" या प्रश्नासाठी एक पायरी जास्त

इथे घडण दिलेली असते आणि खाली चार ठोकळ्यांची चित्रं असतात, प्रत्येकात तीन पृष्ठं दिसतात. पहिली चाळणी तीच, म्हणजे विरुद्ध जोडी. समोरासमोरची दोन पृष्ठं एका वेळी कधीच दिसत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या घडणीत जोड्या २-४, ३-५, १-६ आहेत:

```
१ . . .
२ ३ ४ ५
. . ६ .
```

ज्या चित्रात २ आणि ४ दोन्ही दिसतात, किंवा १ आणि ६ दोन्ही, ते खोडा. बऱ्याचदा एवढ्यावर उत्तर मिळतं.

कधी दोन पर्याय उरतात आणि दोघांत पृष्ठं तीच असतात, जसं की १, २, ३. एकात २ डावीकडे आणि ३ उजवीकडे, दुसऱ्यात उलट. आता जोडीचा नियम उपयोगी पडत नाही. हे दोन ठोकळे एकमेकांचे आरशातले आहेत आणि जोड्या दोघांतही सारख्याच असतात. अशा वेळी घडणीवर तो कोपरा शोधा जिथे १, २, ३ भेटतात. इथे तो २ चा वरचा उजवा कोपरा आहे. त्या कोपऱ्यावर पेन्सिलचं टोक ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा: १, मग रिकामी जागा, मग ३, मग २. क्रम आला १-३-२.

ठोकळ्याच्या चित्रातही तीन पृष्ठं एका कोपऱ्यात भेटतात. तिथेही काट्यांच्या दिशेने फिरा: वरचं पृष्ठ, मग उजवं, मग डावं. वर १, उजवीकडे ३, डावीकडे २ असेल तर क्रम १-३-२, म्हणजे तोच बरोबर. वर १, उजवीकडे २, डावीकडे ३ असेल तर क्रम १-२-३, तो चूक. क्रम कुठल्याही आकड्यापासून सुरू केला तरी चालतो, १-३-२ आणि ३-२-१ एकच.

हे सगळं छापील बाजू बाहेर ठेवून घडी घातल्यास. कागद उलटा दुमडून आकडे आत गेले तर क्रम उलटतो. प्रश्नात काही वेगळं सांगितलेलं नसेल तर छापील बाजू बाहेरच धरतात.

मुलं कुठे चुकतात

रिकाम्या जागेवरून उडी मारून जोडी लावणं ही चूक वर सांगितलीच. दुसरी एक चूक जरा वेगळ्या जातीची आहे. प्रश्नात एक ते सहा ठिपक्यांचा फासा आला की मुलं विरुद्ध पृष्ठांची बेरीज सात धरून चालतात. खेळातल्या नेहमीच्या फाशावर ती तशी असते, हे खरं. पण प्रश्नात तसं सांगितलेलं नसेल तर धरू नका. घडणीवर ठिपके कसेही मांडलेले असू शकतात, आणि मग चौरसांच्या जागेवरूनच जोडी ठरते, ठिपक्यांच्या बेरजेवरून नाही.

आणखी एक: दोन चौरस फक्त कोपऱ्याला टेकलेले असतील तर ते जोडलेले नाहीत. आकृतीचा एखादा चौरस नुसता कोपऱ्यावर लटकला असेल तर ती एकसंध घडणच होत नाही.

घरी सराव कसा घ्याल

दुकानातून काही आणायची गरज नाही. जुन्या दिनदर्शिकेचा किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि चार सेंटिमीटरचे चौरस आखा. त्याहून लहान चौरस दुमडताना मुलांची बोटं अडतात. दुमडायच्या रेषांवर शाई संपलेलं पेन पट्टीने दाबून ओढा, घडी सरळ बसते.

साबणाचं किंवा टूथपेस्टचं खोकं उलगडून दाखवायला चांगलं आहे, फक्त ते घन नसतं, त्याची पृष्ठं आयत असतात. विरुद्ध पृष्ठांचे दोन्ही नियम तिथेही खरे ठरतात, चिकटवायच्या पट्ट्या तेवढ्या कापून टाका म्हणजे मूल त्यांना पृष्ठ समजणार नाही.

त्याहून उपयोगी सराव उलट दिशेचा आहे. एक ठोकळा चिकटपट्टीने जोडून तयार करा आणि मुलाला सांगा, कात्रीने कडा कापून हा सपाट कर, पण एकही चौरस सुटा होऊ देऊ नको. ठोकळ्याला १२ कडा असतात. सहा चौरस एकत्र धरून ठेवायला ५ जोड लागतात, म्हणून बरोबर ७ कडा कापाव्या लागतात. सहा कापल्या तर तो पूर्ण सपाट होणार नाही, आठवी कापली की तुकडा सुटेल. दरवेळी वेगळ्या सात कडा निवडल्या की बऱ्याचदा वेगळी घडण मिळते. कापण्याआधी पृष्ठांवर आकडे टाकून ठेवा आणि सपाट झाल्यावर मुलाला जोड्या लावायला सांगा. परत दुमडलं की बरोबर-चूक त्याचं त्यालाच दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही.

पेपरात आणि पेपरानंतर

मुलं सोडून देतात अशा दोन गोष्टी आहेत. आठवीच्या शिष्यवृत्ती पेपरांत वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि गुणासाठी दोन्ही नोंदवावे लागतात. घडणीच्या प्रश्नात अशी सूचना असेल तर पहिला बरोबर पर्याय सापडला म्हणून थांबू नका, चारही तपासा. मुखपृष्ठावरच्या सूचना आणि प्रश्नातली ओळ दोन्ही वाचा.

दुसरं, परीक्षेनंतर पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आपल्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन आक्षेप नोंदवता येतो. घडणीच्या प्रश्नात उत्तर चुकलंय असं तुम्हाला वाटलं तर "माझ्या मुलाने कापून बघितलं" असं लिहून उपयोग नाही. पर्यायातल्या चौरसांना आकडे द्या आणि कारण लिहा: "पर्याय दोनमध्ये चौरस ३ च्या विरुद्ध १ आणि ६ हे दोन्ही चौरस येतात, त्यामुळे ते एकमेकांवर येऊन एक पृष्ठ रिकामं राहतं." एवढ्या दोन ओळी पुरतात आणि त्या कोणालाही तपासून बघता येतात.

सरावासाठी चार

उत्तरं खाली आहेत, आधी जोड्या लावा.

```
(अ)            (आ)
१ २ . .        १ . . .
. ३ ४ .        २ ३ ४ ५
. . ५ ६        ६ . . .

(इ)            (ई)
१ २ . .        १ . . .
. ३ . .        २ ३ ४ .
. ४ ५ .        . . ५ .
. . ६ .        . . ६ .
```

(अ) होतो. १-४, २-५, ३-६. तिन्ही जोड्या दोनच्या पट्टीच्या कानांवरून मिळतात.

(आ) होतो. २-४, ३-५, १-६. दोन्ही कान एकाच चौरसाला चिकटले असले तरी बाजू वेगळ्या आहेत.

(इ) होतो. उभ्या पट्टीतून २-४. तिचे डावे-उजवे कान १-५. शेवटी ४-५ ही आडवी पट्टी बघा, तिच्या वर ३ आणि खाली ६, म्हणून ३-६.

(ई) होत नाही. आडव्या पट्टीतून ४ चा जोडीदार २, उभ्या पट्टीतून ४ चाच जोडीदार ६. आणि ३ ला कोणीच नाही.